लाँड्रीच्या हिशेबातले ११७ नग : प्रकल्प नोंदी

२ जून २०२५

आजपासून खिशात एक छोटी वही ठेवतो आहे. हॉटेलात माझं काम स्टोअरचं आणि हिशेबाचं. बार्देशच्या किनाऱ्यावरचं ४८ खोल्यांचं हॉटेल; पाऊस लागला की निम्म्या खोल्या रिकाम्या, त्यामुळे आजूबाजूला काय चाललंय ते बघायला वेळ मिळतो. डिचोलीचा माझा मित्र फर्मागुडीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकला, आता घरून सॉफ्टवेअरची कामं करतो. दोन वर्षं आम्ही 'काहीतरी सुरू करूया' म्हणतोय आणि दर वेळी चहा पीत कल्पना शोधत बसतो. या वेळी कल्पना शोधायची नाही, काम बघायचं, असं ठरवलं.

वहीत पाच रकाने आखले: काम कोणतं, कोणी केलं, किती मिनिटं लागली, कुठल्या कागदावरून कुठल्या कागदावर उतरवलं, आणि चुकलं तर पुढे काय झालं. पाहुण्यांची नावं, खोली क्रमांक, दर यातलं काहीही वहीत येता कामा नये. आणि पहिले तीन आठवडे उपाय लिहायचा नाही. उपाय एकदा सुचला की माणूस फक्त त्याला जुळेल तेवढंच बघतो, हे मित्राचं म्हणणं मला पटलं.

९ जून

आठवड्यात २३ कामं उतरली. बुकिंग कंपन्यांच्या स्क्रीनवरून रजिस्टरमध्ये नावं उतरवणं, नाश्त्याची यादी रात्री हाताने लिहिणं, परदेशी पाहुण्यांचा फॉर्म सी भरणं, पाण्याच्या टँकरच्या पावत्या वॉचमनच्या रेघोट्यांशी जुळवणं, लाँड्रीला जाणारे कपडे मोजणं. बाकीची लहानसहान आहेत.

पाच रकान्यांत चौथा, म्हणजे कागदाचा, सगळ्यात जास्त बोलतो. कामाला वेळ लागतो म्हणून ते वाईट असं नाही. भाजी चिरायलाही वेळ लागतो. पण तोच आकडा एका कागदावरून दुसऱ्यावर आणि तिथून तिसऱ्यावर जातो, तेव्हा मध्ये काहीतरी मोडलेलं असतं आणि ते माणूस स्वतःच्या हाताने भरून काढत असतो.

१४ जून

सगळ्यांना विचारून पाहिलं, "कामात त्रास कशाचा होतो?" रिसेप्शनने सांगितलं, इंटरनेट. किचनने सांगितलं, माणसं कमी. हाउसकीपिंगच्या माई म्हणाल्या, लिफ्ट. माईंना इथे पंधरा वर्षं झाली. लाँड्रीचं नावही त्यांनी काढलं नाही, आणि मी मात्र त्यांना रोज सकाळी तासभर टॉवेल मोजताना आणि डिलिव्हरीच्या पोराशी हुज्जत घालताना बघतोय. मी तसं म्हटल्यावर त्या हसल्या. "तें तशेंच आसता रे."

म्हणजे रोजचा त्रास माणसाला त्रास वाटेनासा होतो. विचारल्यावर तो सांगणारच नाही. त्यानंतर प्रश्न बदलला: "काल लाँड्री आली तेव्हा काय झालं, पहिल्यापासून सांगा." यावर माई वीस मिनिटं बोलल्या, आणि त्यातली निम्मी माहिती माझ्या वहीत नव्हती.

२४ जून

आज सांजांवचा सण. गावात पोरं विहिरीत उड्या मारतायत आणि मी एका बेडशीटच्या मागे फिरतोय. तीन आठवडे झाले, लाँड्रीच्या ओळीसमोर सगळ्यात जास्त खुणा आहेत. म्हणून एकच दिवस धरून तिचा पूर्ण माग काढला.

मजल्यावरचा पोरगा खोली आवरताना काढलेले कपडे कागदाच्या चिठोऱ्यावर लिहितो. खाली मळक्या कपड्यांच्या खोलीत दुसरा पोरगा सगळं पुन्हा मोजतो आणि चलान फाडतो. एक प्रत आमच्याकडे, एक लाँड्रीकडे. लाँड्रीत रात्री किंवा सकाळी त्यांचा माणूस मोजतो. धुऊन परत येताना तो पुन्हा मोजून आपलं चलान करतो. इथे माई मोजून रजिस्टरमध्ये चढवतात. महिनाअखेरीस मी दोन्हीकडची चलानं घेऊन एक्सेलमध्ये बसतो. कपडा एकच, मोजणी पाच वेळा, आणि पाचही मोजण्या एकमेकींना कुठेच भेटत नाहीत. पहिल्यांदा समोरासमोर येतात त्या महिन्याच्या शेवटी, जेव्हा कपडा कुठे गेला हे आठवणारं कोणी उरलेलं नसतं.

शब्दांचा घोळ वेगळाच. आमच्याकडे 'हँड टॉवेल' आणि 'फेस टॉवेल'. लाँड्रीच्या चलानावर दोन्हींना 'टॉवेल लहान'. बाथमॅट त्यांच्याकडे कधी टॉवेलात, कधी 'इतर'मध्ये.

१ जुलै

जूनचं बिल आलं. आमच्या चलानांप्रमाणे पाठवलेले नग ७,२१४. रजिस्टरप्रमाणे परत आलेले ७,०९७. फरक ११७. लाँड्रीवाले म्हणतात, आमच्याकडून गेले असतील तर १५.

पुढे काय होतं ते मला माहीत आहे, कारण दर महिन्याला मीच ते टाइप करतो. सरासरी २१० रुपये नगाप्रमाणे २४,५७० रुपये कापायचे असं मॅनेजर लिहितात, लाँड्रीचे काका धावत येतात, दोघे बोलतात आणि निम्म्यावर तुटतं. निम्म्याला पाया कसलाच नाही, दोघेही थकलेले असतात एवढंच. यात बिल दोन-दोन महिने लोंबकळतं. ही चूक आमच्या हॉटेलची आहे आणि त्या कागदांवर सही माझीही आहे, म्हणून नीट लिहून ठेवतो.

४ जुलै

दोन रात्री बसून ११७ नग उलगडले. माझ्या मते या वहीतली सगळ्यात कामाची नोंद हीच.

डाग न निघालेला कपडा लाँड्री ठेवून घेते, पुन्हा धुते आणि दोन-तीन दिवसांनी वरच्या वर देऊन जाते. त्याचं चलान नसतं, पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी असते. माईंच्या ड्रॉवरमधल्या अशा चिठ्ठ्या जोडल्या तर ५८ नग होतात. ते आलेले आहेत, कपाटात आहेत, फक्त रजिस्टरमध्ये चढले नाहीत. आणखी ३१ नग २६ ते २८ जूनचे. पावसात वाळले नाहीत म्हणून ते १ जुलैला आले आणि दुसऱ्या महिन्याच्या पानावर पडले. उरले २८.

मग कपाटात हात घातला. आमच्या कपड्यांच्या कोपऱ्याला निळा दोरा असतो. १२ नगांना लाल दोरा निघाला. कोणा दुसऱ्या हॉटेलचे, आपले समजून मोजलेले. म्हणजे आमचे खरोखर गेलेले नग २८ नाहीत, ४० आहेत.

आम्ही म्हणत होतो ११७, ते म्हणत होते १५, आणि खरं ४०. दोन्ही बाजू प्रामाणिक होत्या. खोटं कोणीच बोलत नव्हतं, हे पाहून मला फार वाईट वाटलं, कारण मीच गेल्या वर्षी काकांना तोंडावर 'टॉवेल विकता काय?' असं म्हटलं होतं.

७ जुलै

मित्र आला, पैशांचा हिशेब मांडला. रोजची मोजणी साठ मिनिटं, महिन्याचे तीस तास, माझे महिनाअखेरचे सहा तास. महिना १५,००० पगाराच्या माणसाचा तास सुमारे ७२ रुपयांना पडतो. एकूण २,६०० रुपये. गेलेले ४० नग खरेदीच्या भावाने ८,४०० रुपयांचे, पण ते निम्मे झिजलेले, म्हणून खरं नुकसान चार हजारांच्या आसपास.

मी म्हटलं, म्हणजे साडेसहा हजार वाचतात. मित्र म्हणाला, "वेळेचे पैसे धरू नको. तासभर वाचला म्हणून तुमचा मालक त्या पोराचा पगार कापणार आहे काय? त्याच्या खिशातून जे जात नाही ते त्याला वाचल्यासारखं दिसत नाही." बरोबर आहे. राहिले चार हजार, आणि तेही सगळे वाचणार नाहीत. त्यासाठी मालक फार तर हजार रुपये देईल आणि दोन महिन्यांनी तेही बंद करेल.

आज फॉर्म सी सोडून दिला. परदेशी पाहुणा आला की २४ तासांत त्याची माहिती सरकारी पोर्टलवर भरावी लागते. काम कंटाळवाणं खरं, पण चांगल्या हॉटेल-सॉफ्टवेअरमध्ये पासपोर्ट वाचायची सोय आलेली आहे. सरकारी पोर्टलचं पान बदललं की आपलं काम त्या दिवशी बंद. शिवाय लोकांच्या पासपोर्टची माहिती आपल्या घरच्या कॉम्प्युटरवर नको.

टँकरही सोडला. तिथे आकडा चुकत नाही, टँकर पूर्ण भरलेला होता की नाही हा वाद आहे, आणि तो कागदाने सुटत नाही.

१९ जुलै

हे फक्त आमच्याकडचं दुखणं आहे का? सुट्टीच्या दिवशी आणि संध्याकाळी मिळून आठ ठिकाणी गेलो. कळंगुट, कांदोळी, हणजूण आणि दोन म्हापशातली. ओळखीतून ओळख काढत. 'असं सॉफ्टवेअर असेल तर घ्याल का?' हा प्रश्न विचारायचाच नाही, असं ठरवून. त्याला सगळे हो म्हणतात. फक्त म्हटलं, "मागच्या महिन्याचं लाँड्रीचं रजिस्टर बघू का?"

तिघांची स्वतःची मशीनं आहेत. पाच जण बाहेर देतात. त्यातल्या चौघांच्या रजिस्टरमध्ये लाल पेनाच्या गोलांचा पाऊस. एकाने तर जुन्या बिलांवर स्टेपलरने चिठ्ठ्यांचा जुडगा लावला होता. असं हाताने केलेलं ठिगळ दिसलं की दुखणं खरं आहे असं समजावं.

पाचवा वजनावर देतो. त्याच्याकडे भांडण नाही, कारण मोजणीच नाही. पण पूलवरचे ओले टॉवेल तो तसेच पोत्यात भरतो. घरी काट्यावर बघितलं: कोरडा बाथ टॉवेल ५०० ग्रॅम, भिजवून पिळलेला ९०० ग्रॅमच्या वर. तो पाणी धुवायचे पैसे देतोय. सांगितलं त्याला. आता आधी दोरीवर घालतो.

२ ऑगस्ट

आज लाँड्रीत गेलो. म्हापशाजवळची शेड, दोन मोठी मशीनं, एक ड्रायर, बाहेर पावसात ओथंबलेलं पत्र्याचं छप्पर. आधी गेल्या वर्षीच्या बोलण्याबद्दल माफी मागितली आणि ४० नगांचा कागद काकांच्या हातात दिला. त्यांनी तो दोनदा वाचला. "पुता, इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोणी आमच्या बाजूचा आकडा काढून आणला."

मग त्यांचं काम बघितलं आणि माझी सगळी समजूत उलटी झाली. आमच्याकडे एक लाँड्री आहे. त्यांच्याकडे १४ हॉटेलं. चौदा तऱ्हांची चलानं, चौदा ठिकाणची नावं. एक माणूस दिवसभर फक्त मोजतो आणि जुळवतो. चौदा ठिकाणी महिनाअखेरीस तेच भांडण, चौदा ठिकाणी बिल अडकलेलं. त्यांच्या वहीत ४५ दिवसांपेक्षा जुनी येणी सुमारे तीन लाखांची. साबण, डिझेल, पोरांचे पगार मात्र रोख. तीन लाखांवर वर्षाला १२ टक्के व्याज धरलं तरी महिन्याला तीन हजार जातात, आणि कापून घेतलेले वेगळे.

मी महिनाभर गिऱ्हाईक म्हणून आमच्या मालकाकडे बघत होतो, कारण वही आमच्या हॉटेलात लिहिली. पण मोजायचा त्रास माईंचा, सही मॅनेजरची, आणि पैसे अडकतात काकांचे. तुटलेल्या जागेच्या दोन्ही टोकांना जाऊन बघितल्याशिवाय पैसे कोण देईल ते कळत नाही.

५ ऑगस्ट

आमच्या हॉटेलचे सीए आले होते, त्यांना बिल अडकण्याबद्दल विचारलं. त्यांनी जे सांगितलं ते मी आधी ऐकलं असतं तर बरं झालं असतं.

सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे वेळेत देण्याचा नियम २००६ च्या एमएसएमईडी कायद्यात आहे. लेखी करार असेल तर ठरलेल्या मुदतीत, पण ४५ दिवसांच्या वर नाही. करारच नसेल तर १५ दिवसांत. माल किंवा सेवा मिळाल्यापासून १५ दिवसांच्या आत हरकत लेखी घेतली, तर ती दूर होईल त्या दिवसापासूनच घड्याळ सुरू होतं. तोंडी हुज्जतीने घड्याळ अडत नाही. आमची हुज्जत तर महिनाअखेरीस सुरू होते, म्हणजे १ तारखेच्या कपड्यांवर हरकत घ्यायची मुदत तेव्हा उलटून गेलेली असते. आणि आकारणी वर्ष २०२४-२५ पासून आयकर कायद्याच्या कलम ४३बी(एच) प्रमाणे, मुदतीत न दिलेली अशी रक्कम प्रत्यक्ष देईपर्यंत खर्च म्हणून वजा करता येत नाही. ३१ मार्चला बिलं लोंबकळली की मालकाचा कर त्या वर्षी वाढतो.

काकांची सूक्ष्म-लघु उद्योगाची उद्यम नोंदणी आहे, म्हणून हा नियम त्यांना लागू होतो. म्हणजे हिशेब रोजच्या रोज मिटावा ही गरज दोघांची आहे, फक्त आमच्या बाजूला ती मॅनेजरला नाही, सीएला दिसते.

१६ ऑगस्ट

काही बांधायच्या आधी मॅनेजर सरांशी बोललो. नोकरीच्या कामाचा भाग म्हणून केलेल्या लिखाणाचा आणि सॉफ्टवेअरचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणारा असतो. हे १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ मध्ये आहे. मित्र माझ्या हॉटेलचा नोकर नाही, पण मी आहे. म्हणून साधं पत्र दिलं: हे काम मी ड्यूटीबाहेर, माझ्या घरच्या कॉम्प्युटरवर करतो; हॉटेलची कुठलीही माहिती बाहेर नेणार नाही; चाचणीसाठी फक्त नगांचे आकडे वापरीन; जे तयार होईल ते आमचं; हॉटेलला एक वर्ष फुकट.

सर दोन दिवस गप्प होते. मग मालकांची सही आणून दिली. "लपवून केलं असतंस तर कळल्यावर मी थांबवलं असतं," एवढंच म्हणाले.

३० ऑगस्ट

चवथीची गडबड. २७ तारखेला गणपती, पण पोरं २५ पासूनच गावी. लाँड्री तीन दिवस बंद. मळके कपडे साठत गेले आणि २९ ला एकदम परत येऊ लागले, कुठल्या दिवसाचे कुठले काही कळेना.

यातून एक गोष्ट कळली. आमचा सगळा हिशेब 'आज गेलेलं उद्या येतं' यावर उभा आहे. मित्राने केलेला पहिला आराखडाही तसाच, तारखेप्रमाणे. पाऊस, चवथ, डाग, बंद पडलेला ड्रायर, यातलं काहीही झालं की तारीख तुटते आणि जूनमधले ५८ आणि ३१ परत जन्माला येतात. तारीख टाकून द्यायला हवी. मग कशाला धरायचं?

६ सप्टेंबर

उत्तर माईंनी दिलं. आम्ही दोघे टेबलावर सात रकान्यांचं नवीन चलान आखत होतो: बेडशीट, डुव्हे कव्हर, पिलो कव्हर, बाथ टॉवेल, हँड टॉवेल, फेस टॉवेल, बाथमॅट. माई मागे उभ्या राहून बघत होत्या. म्हणाल्या, "एवढं कशाला? एका बॅगेत एकच जात घाला. बॅगेवर नंबर लावा. मग लिहायचा आकडा एकच."

मित्राने पेन खाली ठेवलं.

बॅगेला नंबर, बॅगेत एकाच जातीचे कपडे, दहा-दहाचे गठ्ठे. लाँड्रीने बॅग उघडल्यावर मोजून तिथल्या तिथे आकडा कळवायचा; जुळला तर पुढे, नाही जुळला तर त्याच सकाळी फोन, कपडे अजून जमिनीवर असताना. परत येताना बॅग त्याच नंबराने येईल. डागासाठी ठेवलेले दोन नग असतील तर ती बॅग दोन नगांनी उघडी राहील, कितीही दिवस. बंद होईल तेव्हाच पुसायची. जात रंगाच्या चिंधीने ओळखायची, कारण मळक्या कपड्यांच्या खोलीतला पोरगा ओडिशाचा आहे, त्याला मराठीही वाचता येत नाही आणि इंग्रजीही. आकडे मात्र पक्के येतात.

सॉफ्टवेअर नाही. सोमवार ८ तारखेपासून पंधरा दिवस फक्त बॅगा, खडू, फळा आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फळ्याचा फोटो.

२३ सप्टेंबर

पंधरा दिवसांत ८४ बॅगा गेल्या. ७१ बॅगांचे आकडे पहिल्या मोजणीतच जुळले. १३ नाही जुळले. त्यातल्या ९ सकाळच्या फोनवरच सुटल्या, बहुतेक वेळा कोणीतरी नऊचा गठ्ठा दहाचा समजला होता. राहिल्या ४ बॅगा, मिळून ७ नग. त्यावर दोघांचं एकमत आहे. ७ म्हणजे ७.

वेळ वाचला का? नाही. जाती वेगळ्या करायच्या म्हणून मळक्या खोलीत रोज सहा मिनिटं जास्त लागतात. माझं महिनाअखेरचं सहा तासांचं काम मात्र चाळीस मिनिटांवर येईल असं दिसतंय. जूनमध्ये आम्ही 'वेळ वाचवणारं' काहीतरी शोधत होतो. प्रत्यक्षात मिळालं ते वेगळं: मोजणी आणि वाद यांच्यातलं अंतर तीस दिवसांवरून एका सकाळवर आलं.

काय बिघडलं तेही लिहितो. तीन वेळा पोराने आकडा फळ्यावर न लिहिता दुपारी आठवून लिहिला. हात ओले, हातमोजे घातलेले, खडू विरघळतो. फोन तर तो हातात घेणारच नाही. आता फळ्याऐवजी दोरीला अडकवलेले जाड प्लॅस्टिकचे अंक, कॅलेंडरसारखे उलटायचे. फोटो माई काढतात.

११ ऑक्टोबर

काकांनी आणखी दोन हॉटेलांना बॅगा दिल्या. आता मित्राने लहानसं अ‍ॅप लिहिलं. त्यात तीनच गोष्टी आहेत: बॅग गेली, बॅग उघडली, बॅग परत आली. उघड्या बॅगांची यादी दोन्हीकडे तीच दिसते. महिनाअखेरीस बिल त्याच यादीतून निघतं.

एका हॉटेलच्या पर्चेस मॅनेजरने विचारलं, कपड्यात शिवायची आरएफआयडी चिप का नाही? ती असते, मोठ्या साखळी हॉटेलांत वापरतातही, साधारण दोनशे धुण्यांपर्यंत टिकते असं बनवणारे सांगतात, आणि अख्खी बॅग न उघडता मोजते. पण वाचक यंत्र दोन्ही टोकांना लागतं, आणि काकांच्या चौदाही हॉटेलांनी आपापल्या प्रत्येक जुन्या कपड्याला चिप शिवली तरच लाँड्रीचा हिशेब एक होईल. फेस टॉवेलला चिप शिवणं तर त्याच्या किमतीला परवडत नाही. चारशे खोल्या आणि स्वतःची लाँड्री असेल तर चिपच घ्यावी, असं मी त्यांना स्पष्ट सांगितलं. आमची बॅग तशा हॉटेलांसाठी नाही.

दुसऱ्या हॉटेलात मात्र चाललं नाही. तिथे हाउसकीपिंग कंत्राटावर, दर आठवड्याला माणूस नवीन. एका बॅगेत पाच जाती, नंबर कुठलाही. माईंसारखं कोणी रोज त्याच जागी उभं असेल तरच हे टिकतं. ही मर्यादा आम्ही पुसायचा प्रयत्न केला नाही, काकांना सांगून ते हॉटेल तूर्त बाजूला ठेवलं.

२० ऑक्टोबर

काल रात्री नरकासुर जाळले, पहाटे पोहे खाऊन थेट म्हापशाला. काकांशी पैशांचं बोलायचं होतं. कौतुक त्यांनी भरपूर केलं होतं, पण कौतुक फुकट असतं. म्हणून आगाऊ मागितले: नोव्हेंबरसाठी २,००० रुपये, चौदापैकी जी हॉटेलं बसतील त्यांच्यासकट.

काका बराच वेळ इस्त्रीच्या टेबलाला टेकून उभे राहिले. "सप्टेंबरचं बिल तुमच्या हॉटेलाने किती दिवसांत दिलं ते सांग."

"नऊ."

"जूनचं?"

"त्रेसष्ट."

त्यांनी फोन काढून १,५०० पाठवले. उरलेले पाचशे पाचवं हॉटेल बसलं की. त्यांची घासाघीस मला पूर्ण मान्य आहे. जो घासाघीस करतो त्याला वस्तू हवी असते.

४ नोव्हेंबर

हंगाम लागला. खोल्या भरल्या, रोजचे नग चारशेच्या वर. आमच्या हॉटेलचं ऑक्टोबरचं बिल ३ तारखेला मंजूर झालं, ११ नग कमी, दोन्हीकडे तोच आकडा. पाचवं हॉटेल हणजूणचं, तिथल्या सुपरवायझर बाईंना बॅग समजावायला माई गेल्या, मी नाही. मी गेलो असतो तर वीस मिनिटं लागली असती. माईंना सात लागली.

मित्राला आणि मला प्रश्न पडलाय की माईंना या कामाचे पैसे कसे द्यायचे. एकदा चहा पाजून भागणार नाही. बॅगेची कल्पना त्यांची आहे, आणि हॉटेलाबरोबरच्या पत्रात त्यांचं नाव नाही. सरांकडे दुसरं पत्र उद्या नेतो.

उघड्या बॅगा आज तीन. २१२ नंबरच्या बॅगेत सहा पिलो कव्हर, हळदीच्या डागाची, काका म्हणतात गुरुवारपर्यंत.